घोरपडीला साक्षीला बोलावू नका

फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीवरून वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, घोरपडीच्या कमरेला दोर बांधून माणसं कडा चढली हे शक्यच नाही, तेव्हा पोवाडा म्हणजे थाप, त्याला इतिहासाच्या पुस्तकात जागा नको. दुसरी बाजू चिडून विचारते, मग तीनशे वर्षं गोंधळी जे गात आले ते सगळं खोटं का? कागद जपले ते दरबारानं, लोकांनी जपली ती गाणी, आणि लोकांना खोटं ठरवणारे तुम्ही कोण? पुढे घोरपडीचं वजन, तिच्या नख्यांची पकड, दोराची जाडी असा हिशोब सुरू होतो. दोन्ही बाजू तावातावानं बोलतात, आणि दोघांनाही हे लक्षात येत नाही की त्यांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे. दोघंही पोवाड्याला एकच प्रश्न विचारतात: ‘हे घडलं का?’ माझं म्हणणं असं की हा प्रश्न सर्वात कमी उपयोगाचा आहे, आणि तो एकटाच विचारला तर पोवाडा हातात असूनही आपण रिकाम्या हातानं परत येतो.

हा वाद माझ्यापर्यंत दरवर्षी उत्तरपत्रिकांतूनही पोचतो. ‘इतिहासाचे साधन म्हणून लोकगीते व पोवाडे यांचे महत्त्व आणि मर्यादा स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पानाच्या मधोमध रेघ पडते. डावीकडे महत्त्व: लोकभावना कळते, सामाजिक जीवन कळते, लेखी साधनं नसतील तिथे उपयोग होतो. उजवीकडे मर्यादा: अतिशयोक्ती, कालगणना नाही, शाहीर पक्षपाती. शेवटी एक वाक्य, की ही साधनं इतर साधनांशी ताडून वापरावीत. या उत्तरात चुकीचं असं काही नसतं, आणि हीच त्याची अडचण आहे. ‘पोवाडे’ हा शब्द खोडून तिथे ‘बखरी’ किंवा ‘प्रवासवर्णने’ लिहिलं तरी ते तसंच्या तसं चालतं. कुठल्याही साधनाला लागू पडणारं उत्तर या साधनाबद्दल काय सांगतं? विश्वासार्हता ही हळदीच्या शुद्धतेसारखी साधनाच्या अंगात मुरलेली गोष्ट नसते. साधन आणि त्याला विचारलेला प्रश्न यांच्या नात्यात ती असते. एका प्रश्नासाठी जे वैगुण्य ठरतं, तेच दुसऱ्या प्रश्नासाठी सगळ्यात मोलाचं ठरू शकतं. म्हणून महत्त्व डावीकडे आणि मर्यादा उजवीकडे अशी वाटणी मुळातच होऊ शकत नाही.

तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडाच घेऊन पाहू. कागदवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. कोंढाण्यावरचा छापा माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा. आज आपण वाचतो तो पोवाड्याचा पाठ छापला गेला १८९१ साली, शंकर तुकाराम शाळिग्राम आणि मुंबईतला इंग्रज सनदी अधिकारी ॲक्वर्थ यांच्या संग्रहात. मधे सव्वादोनशे वर्षांच्या जवळपास अंतर आहे. या काळात ते कवन कितीदा गाइलं गेलं, कुणी कुठे चार ओळी घातल्या, कुठला चौक गळाला, याची नोंद कोण ठेवणार? शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं म्हणून अख्खा पाठ त्याचाच असं धरता येत नाही. नाव टिकतं, पण त्याच्याखालचे शब्द बदलत राहतात.

शिवाय काही ठिकाणी कागद सरळ निकाल देतो. ‘गड आला पण सिंह गेला’ असं महाराज म्हणाले आणि म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आलेलं आहे. तेव्हा तानाजी हयात होते आणि गड मोगलांना देण्याचा पुरंदरचा तह व्हायला अजून दोन वर्षं होती. इथे वाद संपला. नाव तानाजींच्या मृत्यूमुळे पडलं नाही. लोकपरंपरा कितीही प्रिय असली तरी या पत्रापुढे तिला मागे सरावं लागतं, आणि तिच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे मान्य करायला का कू करू नये.

आता सभासदाची बखर शेजारी ठेवू. कृष्णाजी अनंत सभासदानं ती जिंजीला, १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. तिच्यात हा प्रसंग थोडक्यात येतो. तानाजी मालुसरे हे मावळ्यांचे हजारी. ते गड घ्यायचं पत्करतात आणि पाचशे माणसं निवडतात. रात्री दोन चढणारे मावळे वानरासारखे कडा चढून जातात आणि बाकीच्यांना वर घेतात. किल्लेदार उदेभान रजपूत. तो आणि तानाजी एकमेकांच्या हातून पडतात. तानाजींचा भाऊ सूर्याजी लोकांना सावरतो, पागेला आग लावून खूण केली जाते आणि राजगडावरून महाराजांना उजेड दिसतो. महाराज म्हणतात ते वाक्यही वेगळं आहे: ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ त्यात सिंह नाही. पोवाड्यात मात्र पाचशेंचे बारा हजार झालेत. जिजाऊ प्रतापगडावरून सिंहगड पाहतात, महाराजांशी सोंगट्या खेळून गड पणात मागतात. तानाजी उमरठ्याला रायबाच्या लग्नाच्या गडबडीत असतात, ऐंशी वर्षांचे शेलारमामा सोबत निघतात, कड्याखाली यशवंती घोरपड पेटीतून बाहेर येते आणि गडावर अठरा बायकांचा धनी उदेभान बसलेला असतो.

या टप्प्यावर चांगले विद्यार्थीही एक चूक करतात, आणि ती मला थापेच्या आरोपापेक्षा जास्त घातक वाटते. ते पोवाड्यातून अशक्य तेवढं काढून टाकतात आणि उरलेलं इतिहास म्हणून ठेवतात. घोरपड काढली, बारा हजारांचे पाचशे केले, अठरा बायका गाळल्या. मग उरलं काय? मुलाचं लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघालेला सरदार, म्हातारा मामा, पाटलाच्या वेषात केलेली टेहळणी. हे सगळं शक्य आहे, म्हणून ते खरं असणार. पण शक्य असणं म्हणजे घडलेलं असणं कधीपासून झालं? माघ महिन्यात लग्नं होतात, तेव्हा रायबाचं लग्न त्या दिवसांत ठरलेलं असू शकतं. पण ‘असू शकतं’ हा पुरावा नाही. उत्तम शाहिराची तर हीच कसोटी, की त्यानं रचलेला प्रसंग ऐकणाऱ्याला घरातलाच वाटला पाहिजे. कुशल कवन जितकं सहज पटतं तितकं ते जास्त सावधपणे वाचायला हवं. अशक्य गोष्टी आपल्याला फसवत नाहीत, त्या तर लांबूनच ओळखू येतात. आपली फसवणूक होते ती पटणाऱ्या गोष्टींकडून.

घोरपडीकडे याच नजरेनं पाहा. पोवाड्यात ती सरळ वर चढत नाही. ती मधूनच परत फिरते, आणि तानाजी तिला दटावतात की आता चढली नाहीस तर कापून भाकरीबरोबर खाईन. म्हणजे घोरपड दोर नेण्यासाठी आलेली नाही. अपशकुन सांगणं हे तिचं काम आहे. मुक्या जनावराला पुढचं मरण दिसतं, माणसालाही ते कळतं, आणि तरी तो मागे फिरत नाही. ही शोकांतिकेची बांधणी आहे. जिच्या बळावर कडा चढायचा तिलाच कवीनं भविष्य सांगायला लावलं आहे. त्यात घोरपडीनं किल्ला चढण्याची गोष्ट फक्त सिंहगडाची नाही. घोरपडे घराण्याच्या आडनावाची कथाही अशीच आहे: बहमनी काळात, पंधराव्या शतकात, त्यांच्या पूर्वजानं घोरपडीला दोर बांधून खेळणा किल्ला, म्हणजे पुढचा विशाळगड, सर केला. एकच घटना दोन वेगळ्या शतकांत, दोन वेगळ्या किल्ल्यांवर, दोन वेगळ्या घराण्यांच्या नावे येते, तेव्हा इतिहासकारानं ओळखावं की समोर आहे ती फिरती कथा. कड्याजवळ कथा आली की घोरपड तिच्यामागून येते. हे एकदा कळलं की वजन आणि नख्यांचा हिशोब थांबतो. त्याच्या जागी विचारण्यासारखा प्रश्न येतो: अवघड कड्याच्या कथेत मराठी ऐकणाऱ्याला घोरपडच का अपेक्षित होती?

उदेभानाबद्दल जे झालं ते मला याहून महत्त्वाचं वाटतं. सभासदाकडे तो रजपूत आहे. पोवाड्यात तो ‘मोगल’ आहे, त्याच्याभोवती पठाण आहेत, त्याचा जनानखाना आणि राक्षसी खाणं यांचं वर्णन आहे. हिंदू किल्लेदार गाण्यात परका आणि परधर्मी झाला, पण नाव मात्र उदेभानच राहिलं. मोगलाचं नाव उदेभान कसं, हा प्रश्न ना गाणाऱ्याला पडला ना ऐकणाऱ्याला. नेमका याच विसंगतीचा इतिहासकाराला उपयोग आहे. गाण्याच्या ओघाला जे नाव सोयीचं नव्हतं, तेच टिकून राहिलं, म्हणजे ते कुणी रंगवण्यासाठी घातलेलं नाही. ते मुळापासून आलेलं आहे. आणि जे बदललं ते कुठल्या दिशेनं बदललं, यावरून मधल्या काळातल्या श्रोत्यांना शत्रू कसा हवा होता ते दिसतं.

हे फक्त आपल्याकडे झालेलं नाही. इ.स. ७७८ मध्ये शार्लमेनचं सैन्य स्पेनहून परतत असताना पिरेनीज पर्वतात त्याच्या पिछाडीवर हल्ला झाला आणि ब्रिटनी सरहद्दीचा अधिकारी रोलाँ मारला गेला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड हल्लेखोरांना बास्क म्हणतो, म्हणजे डोंगरातले ख्रिस्ती. तीनशे वर्षांनी फ्रान्समध्ये गायल्या जाणाऱ्या रोलाँच्या गीतात त्याच खिंडीत लाखोंची मुसलमान सेना उभी आहे. तो काळ धर्मयुद्धांचा होता. त्या गीतावरून आठव्या शतकातली लढाई सांगायला गेलं तर सगळं चुकेल. पण अकराव्या-बाराव्या शतकातल्या फ्रेंच सरदारांच्या मनात धर्मयुद्ध कसं रुजलं होतं हे पाहायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. उदेभान आणि ते बास्क शेजारी ठेवले की पोवाड्याची ‘मर्यादा’ आणि ‘महत्त्व’ या दोन वस्तू नाहीत हे उघड होतं. उदेभानाची जात बदलली ही १६७० पुरती चूक आहे, आणि नंतरच्या श्रोत्यांबद्दल तोच पुरावा आहे.

तरीही इथे पाय आवरता घ्यायला हवा. नंतरचे श्रोते म्हणजे कधीचे? रोलाँच्या गीताचं बाराव्या शतकातलं हस्तलिखित हाताशी आहे, त्यामुळे तिथे तळाला काही जमीन आहे. सिंहगडाच्या पोवाड्यात हा बदल १६७० आणि १८९१ यांच्यामधे कधीतरी झाला, एवढंच या छापील पाठावरून म्हणता येतं. ‘शिवकाळातले लोक या लढ्याकडे धर्मयुद्ध म्हणून पाहत होते’ हे विधान त्यातून निघत नाही. ‘हे सगळं इंग्रजी अमदानीत घुसडलं’ हेही निघत नाही. दोन्ही विधानं व्यासपीठावरून छातीठोकपणे केली जातात, आणि दोन्हीला आधार म्हणून हाच पोवाडा पुढे केला जातो. वेगवेगळी बाडं आणि पाठ लावून पाहिले तर काळाचा हा पट्टा कदाचित अरुंद होईल. ते होईपर्यंत विधानही तितकंच रुंद ठेवायला हवं.

मग १६७० बद्दल पोवाड्यातून काहीच मिळत नाही का? मिळतं, पण जिथे शाहिराला काही पटवून द्यायचं नाही तिथे. तानाजी पाटलाच्या वेषात आधी गडाखालच्या कोळ्यांच्या पहाऱ्यावर जातात, त्यांच्याशी गोडीगुलाबीनं बोलतात, देणंघेणं होतं, आणि त्यांच्याकडून गडाची माहिती काढून घेतात. हा प्रसंग खरंच घडला का, ते मला सांगता येणार नाही. पण किल्ला म्हणजे फक्त तट आणि बुरूज नाहीत, खाली घेरा असतो, घेऱ्यात मेटी म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या असतात, तिथे कोळी, रामोशी, महार पिढ्यान्‌पिढ्या राखणीला असतात, वरचा किल्लेदार बदलला तरी ही माणसं तीच राहतात, हे शाहीर गृहीत धरतो. तो ते समजावून सांगत नाही, कारण श्रोत्यांना ते माहीतच आहे. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यानं भर दिला होता तो नेमका अशा साक्षीदारांवर, जे ध्यानीमनी नसताना साक्ष देतात. शौर्याची साक्ष शाहीर मुद्दाम देतो, म्हणून ती तपासून घ्यावी लागते. कोळ्यांची साक्ष त्याच्या तोंडून सहज निघून जाते. किल्ल्यांच्या व्यवस्थेच्या लेखी साधनांतही ही घेऱ्याची राखण दिसते, तेव्हा इथे दोन वेगळ्या वाटांनी आलेले पुरावे खरोखर एका जागी भेटतात.

‘खरोखर’ म्हणालो, कारण ‘इतर साधनांशी ताडून पाहावे’ हे पालुपद उत्तरपत्रिकेत फार स्वस्त झालं आहे. ताडणं म्हणजे दोन ठिकाणी तेच सापडणं नव्हे. एखाद्या उत्तरकालीन बखरीत घोरपड सापडली आणि पोवाड्यातही ती आहे, म्हणून पुरावा दुप्पट होतो का? बखरकारानं पोवाडा ऐकून लिहिलं असेल तर साक्षीदार एकच आहे, त्याला फक्त दोनदा बोलावलं गेलं. गावातल्या दहा जणांनी एकच बातमी सांगितली आणि दहाही जणांना ती एकाच पारावर कळली असेल, तर ती बातमी दहांची होत नाही. म्हणून ताडण्याआधी विचारायचं: याला हे कुठून कळलं असेल? सभासदालाही हा प्रश्न सोडू नये. तोही घटनेनंतर २७ वर्षांनी, धन्याच्या आज्ञेवरून, धन्याच्या वडिलांचं चरित्र लिहीत होता, आणि त्याचे पाचशेही गोल आहेत. मला तो पोवाड्यापेक्षा जवळचा साक्षीदार वाटतो, पण जवळचा म्हणजे निर्दोष नव्हे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण कागदवाल्यांना उत्तर देता देता पोवाडा म्हणजे ‘जनतेचा आवाज’ असं मान्य केल्यासारखं होतं. या बाजूचा मूळ मुद्दा मला मनापासून पटतो. लिहिणारे हात मोजक्या जातींचे आणि मोजक्या घरांतले होते. ज्यांच्याकडे दौत नव्हती त्यांचा इतिहास कागदात शोधायचा तर तो सारावसुलीच्या आकड्यांत आणि शिक्षेच्या नोंदीत सापडतो, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत नाही. पण म्हणून मौखिक ते सगळं लोकांचं असं कसं म्हणता येईल? अफजलखानवधाचा अज्ञानदासाचा पोवाडा पाहा. तो घटनेच्या जवळचा मानला जातो, त्यामुळे तुळशीदासाच्या पाठावर घेतलेला काळाचा आक्षेप त्याला तितका लागू पडत नाही. पण त्यातच सांगितलं आहे की हे कवन राजघराण्याच्या इच्छेवरून रचलं, आणि शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला. आधी दगा कुणी केला या प्रश्नावर हा पोवाडा काय म्हणणार, हे त्या तोड्यानं निम्मं ठरवून टाकलेलं आहे. खानानं आधी मान दाबली हे खरं असू शकतं, आणि मला ते खरं वाटतं, पण या पोवाड्याच्या जोरावर नव्हे. या पोवाड्यातून कळतं ते हे, की तेव्हाच्या दरबाराला त्या भेटीची कोणती हकिकत गावोगाव जायला हवी होती. तेही थोडं नाही. पेशवाईतल्या शाहिरांनाही आश्रय होता, बिदागी होती, आणि ज्याची बिदागी त्याचं कौतुक होतं. गाणारा गोंधळी गरीब होता म्हणून गाणं गरिबांचं होत नाही.

खरोखर दौत नसलेल्यांचा आवाज ऐकायचा तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावं लागेल. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या ओव्यांना बिदागी नव्हती, श्रोताही नव्हता, पहाटेचा अंधार आणि शेजारी बसलेली जाऊ एवढंच. इथे पोवाड्याच्या मर्यादा एकदम नाहीशा होतात आणि वेगळ्याच उभ्या राहतात. ओवीत लढाया जवळजवळ नाहीतच. माहेर, भाऊ, सासूचे बोल, पंढरी, आणि दलित स्त्रियांच्या ओव्यांत भीमराव. ओवीला तारीखही नसते. काळ ठरवायचा तर तिच्यातल्या वस्तूंवरून. ओवीत आगगाडी आली तर ती ओळ त्या रूपात १८५३ च्या आधीची असू शकत नाही, कारण मुंबई-ठाणे गाडीच तेव्हा सुरू झाली. पण उलट म्हणता येत नाही: आगगाडी नाही म्हणून ओवी जुनी, असं नाही. शिवाय ओवीची चौकट तशीच ठेवून आतला शब्द बदलता येतो. जिथे आजीनं घोडा म्हटला तिथे नात मोटार म्हणते. तेव्हा एकाच दोन ओळींत दोन पिढ्यांचा काळ असू शकतो. ‘सासुरवास फार होता’ हे सिद्ध करायला विद्यार्थी चार ओव्या देतात, तेव्हा मी विचारतो, जात्यावर बसून सुखाची गाणी गायची रीत होती का? ज्या प्रकारात गाऱ्हाणं मांडायचीच वहिवाट आहे, तिथे गाऱ्हाणं सापडणं हा शोध नव्हे. शोध लागतो वहिवाट मोडते तिथे: एखादी बाई नेहमीच्या चौकटीत नेहमीचा भाऊ न घालता बाबासाहेबांना भाऊ म्हणते, तिथे काहीतरी बदललेलं असतं, आणि ते कुठल्याही सरकारी कागदात याच शब्दांत मिळणार नाही.

हेच पोवाड्याच्या बाबतीत जोतीराव फुल्यांनी आपल्याला शिकवलं, जरी त्यांचा हेतू वेगळा होता. १८६९ साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि महाराजांना कुळवाडीभूषण म्हटलं. सतराव्या शतकाचं साधन म्हणून तो कुणी वापरत नाही, वापरूही नये. १८६९ मध्ये शिवाजी कुणाचा, या वादाचं ते पहिल्या दर्जाचं साधन आहे. छापील, सही केलेल्या, तारीख असलेल्या पोवाड्याबाबत हे आपल्याला चटकन पटतं. तुळशीदासाचा पोवाडा जुना दिसतो म्हणून तिथे आपण हा विचार करायचा विसरतो.

तर मग उत्तर लिहायचं कसं? प्रश्न असा धरू: ‘१६७० च्या सिंहगड मोहिमेच्या अभ्यासात तुळशीदासाच्या पोवाड्याचे साधनमूल्य ठरवा.’ मला वाचायला आवडेल असा परिच्छेद साधारण असा असेल: ‘छाप्याचा क्रम आणि संख्याबळ यांसाठी हा पोवाडा दुय्यम आहे. त्याचा उपलब्ध पाठ १८९१ मध्ये छापला गेला, आणि त्यातल्या संख्या सभासदाच्या संख्येशी जुळत नाहीत. घोरपडीचा प्रसंग खेळणा किल्ल्याच्या कथेतही येतो, म्हणून तो या मोहिमेचा तपशील न मानता प्रचलित कथाबीज मानावा. उदेभान हे नाव दोन्ही साधनांत आहे आणि पोवाड्याच्या स्वतःच्या चित्रणाशी ते विसंगत आहे, म्हणून ते जुन्या थरातले असावे. त्याला मोगल ठरवणे हे नंतरच्या श्रोत्यांच्या धारणेचे चिन्ह आहे, मात्र हा बदल कधी झाला हे या पाठावरून ठरत नाही. गडाखालच्या कोळी पहारेकऱ्यांचा उल्लेख कथेच्या ओघात सहज येतो. त्यावरून तो विशिष्ट प्रसंग सिद्ध होत नसला, तरी घेऱ्याच्या व्यवस्थेबद्दल तो विचारात घेण्याजोगा आहे.’ यात ‘अतिशयोक्ती’ हा शब्द एकदाही आलेला नाही. प्रत्येक मर्यादा कशाची, किती आणि कुठल्या प्रश्नापुरती ते सांगितलं आहे. ‘असावे’ कुठे, ‘आहे’ कुठे आणि ‘ठरत नाही’ कुठे, यावरच माझ्या मते निम्मे गुण द्यायला हवेत.

यावर सहकाऱ्यांचा एक आक्षेप असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. परीक्षेत मुलाला एका प्रश्नाला पंचवीस-तीस मिनिटं मिळतात, पोवाड्याचा पाठ समोर नसतो, वर्गात सगळा पोवाडा कधी वाचलेलाही नसतो. मग दोन रकाने भरण्यापलीकडे तो काय करणार? हे खरं आहे. पण यात दोष मुलाकडे जात नाही, तो प्रश्नाकडे जातो. ‘पोवाड्यांचे महत्त्व आणि मर्यादा’ असा हवेतला प्रश्न विचारला की उत्तरही हवेतलंच येणार. त्याऐवजी प्रश्नपत्रिकेत पोवाड्याच्या दहा ओळी छापा, खाली सभासदाच्या चार ओळी छापा, पाठ कधी आणि कुणी नोंदवला ते एका ओळीत सांगा, आणि विचारा: या दोन उताऱ्यांत किल्लेदाराचं वर्णन वेगळं का असावं, आणि या फरकावरून कोणत्या काळाबद्दल काय म्हणता येईल? पान-दीड पानाचा मजकूर आहे. छपाईचा खर्च वाढेल तो एवढाच.